१२/०३/५८ : हे साल नेमकं कोणतं?

काही वर्षांपूर्वी एका सभासद-यादीवरून मी सरासरी वय काढून दिलं होतं. उत्तर आलं सदतीस. ती यादी वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या बाईंनी कागदाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे निम्मे तरी निवृत्त झालेले लोक आहेत. सदतीस कसं येईल?"

त्यांचं बरोबर होतं. यादीत जन्मतारखा `12/03/58` अशा होत्या, साल दोनच आकड्यांत. मी वापरलेल्या प्रोग्रॅमने `58` वाचून २०५८ धरलं. म्हणजे त्या गृहस्थांचा जन्म अजून व्हायचाच होता आणि त्यांचं वय उणे आलं. पुढच्याच ओळीत मी मोठ्या शहाणपणाने लिहून ठेवलं होतं की वय शून्यापेक्षा कमी असेल तर ती नोंद चुकीची समजून वगळा. झालं! १९२५ ते १९६८ या काळात जन्मलेला प्रत्येक माणूस यादीतून गळाला आणि मी उरलेल्यांची सरासरी काढत बसलो. कुठे एरर नाही, कुठे इशारा नाही.

दोन आकडी साल म्हणजे शतक हरवलेली तारीख. ते शतक परत लावताना आपण काय करतो, हे या लेखात एका छोट्या यादीवर करून बघू. मला सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायची आहे. "कोणत्या आकड्याच्या पुढे १९०० आणि कोणत्या आकड्यापर्यंत २००० धरायचं" हा प्रश्न सॉफ्टवेअरला विचारायचाच नाही, त्या रकान्याला विचारायचा. जन्मतारखेचं उत्तर वेगळं, नोंदणीच्या तारखेचं वेगळं, मुदत संपण्याच्या तारखेचं तर अगदीच वेगळं.

सॉफ्टवेअरला विचारलं तर काय होतं ते आधी बघू. पायथनमध्ये:

```
>>> from datetime import datetime
>>> datetime.strptime("12/03/58", "%d/%m/%y").year
2058
>>> datetime.strptime("12/03/69", "%d/%m/%y").year
1969
```

हा नियम पोसिक्स नावाच्या मानकातून आला आहे. ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९, आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हीच रेष एक वर्ष पुढे आहे, तिथे ७० पासून एकोणीसशे सुरू होतं. एसक्यूएल सर्व्हर मुळात ४९ आणि ५० च्या मध्ये रेष ओढतो. एक्सेलमध्ये ही रेष बराच काळ २९ आणि ३० च्या मध्ये होती, आणि संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये कोणी बदल केला तर ती हलते. म्हणजे `12/03/58` हाच मजकूर एक्सेलमध्ये १९५८ होतो आणि पायथनमध्ये २०५८. `12/03/69` पायथनमध्ये १९६९, तर मायएसक्यूएलमध्ये २०६९. यातलं कोणीही चूक नाही. कुठेतरी रेष ओढावीच लागते, म्हणून प्रत्येकाने आपापल्या सोयीने ओढली आहे. आपल्या यादीत कोण माणसं आहेत हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

शतक मुळात हरवतं कसं, हेही एका वाक्यात सांगून टाकतो, कारण ते अजून रोज घडतं आहे. पूर्वी जागा वाचवण्यासाठी साल दोन आकड्यांत ठेवत. आज जास्त वेळा असं होतं की एखादी सीएसव्ही फाइल कोणीतरी एक्सेलमध्ये उघडतं, तिथे तारखा दोन आकडी सालाच्या रूपात दिसतात, आणि तो माणूस फाइल तशीच सेव्ह करतो. सीएसव्हीमध्ये एक्सेल जे पडद्यावर दिसतं तेच लिहितो. मूळ फाइलमध्ये १९५८ होतं, नव्या फाइलमध्ये फक्त ५८ उरलं. म्हणून साफसफाईला बसण्याआधी पहिली चौकशी नेहमी ही करावी, की या फाइलची आधीची प्रत कुठे आहे का. असली तर हा लेख वाचायची गरजच नाही.

नसली, तर आपली यादी ही अशी आहे असं समजा. एक वाचनालय, १९७४ साली सुरू झालेलं. यादी ३१ मार्च २०२४ रोजी काढलेली. बालविभाग आहे, तिथे पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना प्रवेश मिळतो. उदाहरणासाठी मीच तयार केलेल्या या आठ ओळी आहेत, पण खऱ्या फाइलमध्ये जे जे भेटतं ते सगळं त्यात आहे.

```
क्र.  जन्मतारीख     नोंदणी
१    12/03/58     04/06/91
२    19.8.1971    22/11/05
३    ३१/१२/४९     १५/०६/७८
४    09/05/19     17/01/87
५    23-Apr-09    02/07/18
६    14/02/21     11/03/23
७    26/10/44     14/06/68
८    23479        30-09-99
```

शतकाला हात लावण्याआधी दिवस, महिना आणि साल हे तीन तुकडे वेगळे करायचे. काही कामं सरळ आहेत. देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदला, ठिपके आणि आडव्या रेघा काढून एकच चिन्ह ठेवा, `Apr` च्या जागी चौथा महिना घाला. यात डोकं लावायला फारसं काही नाही. एकच पथ्य पाळायचं, मूळ रकाना जसाच्या तसा ठेवायचा आणि जे काही करायचं ते शेजारच्या नव्या रकान्यात.

डोकं लावावं लागतं ते दिवस आधी की महिना आधी, या प्रश्नाला. `26/10/44` मध्ये शंका नाही, कारण सव्वीसावा महिना नसतो. पण `12/03/58` म्हणजे १२ मार्च की ३ डिसेंबर? दोन्ही तुकडे बारा किंवा त्याहून लहान असले आणि एकमेकांपेक्षा वेगळे असले की ही शंका येते, आणि वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी असे १३२ दिवस आहेत. म्हणजे तीनातल्या एकाहून थोड्या जास्त तारखा एकट्याने पाहिल्या तर सांगताच येत नाहीत. त्यामुळे एकेका तारखेकडे बघायचंच नाही, अख्ख्या रकान्याकडे बघायचं. पहिला तुकडा किती ओळींत बाराच्या वर जातो आणि दुसरा किती ओळींत, हे मोजा. पहिला हजारो वेळा जातो आणि दुसरा एकदाही नाही, तर दिवस आधी, विषय संपला. दोन्ही जात असतील, तर दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेल्या याद्या एकत्र झाल्या आहेत. मग कोणत्या शाखेची, कोणत्या वर्षाची किंवा कोणत्या फॉर्मवरची नोंद आहे हे सांगणारा रकाना शोधायचा आणि त्या गटागटाने पुन्हा मोजायचं.

हे काम "आपोआप ओळख" असं सांगून प्रोग्रॅमवर सोपवू नये. पँडास या पायथनच्या लायब्ररीच्या २.० आधीच्या आवृत्त्या `to_datetime` मध्ये प्रत्येक ओळ वेगळी वाचत. `13/03` दिसलं की दिवस आधी धरत, आणि त्याच रकान्यात `12/03` दिसलं की महिना आधी. २०२३ मध्ये आलेल्या २.० पासून पहिल्या तारखेवरून एक साचा ठरतो आणि त्यात न बसणारी ओळ आली की काम थांबतं. ते थांबणं त्रासदायक वाटतं म्हणून लोक `format="mixed"` लिहून मोकळे होतात, आणि जुनाच गोंधळ स्वतःच्या सहीने परत घेतात.

तारखा उलट्या वाचल्या गेल्या आहेत का हे ओळखायची एक युक्ती मला फार आवडते. नोंदणीची तारीख ही कचेरी उघडी असतानाची तारीख असते. तेव्हा प्रत्येक नोंदणीचा वार काढा. तारखा बरोबर वाचल्या असतील तर साप्ताहिक सुट्टीच्या वारी जवळजवळ काहीच पडत नाही. दिवस आणि महिना उलटे झाले असतील तर वार कुठेही जाऊन पडतात, आणि सुट्टीच्या वारी साधारण सातातली एक नोंद सापडते. अर्थात हे साल नीट लागल्यावरच करता येतं, म्हणून ही तपासणी शेवटी.

आठव्या ओळीतला `23479` हा एक्सेलचा दिवस-क्रमांक आहे. ३० डिसेंबर १८९९ पासून २३४७९ दिवस मोजले की १२ एप्रिल १९६४ येतो. (सुरुवात १ जानेवारी १९०० ऐवजी या विचित्र तारखेपासून मोजावी लागते, कारण जुन्या लोटस प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून एक्सेलने २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस हिशोबात धरलेला आहे.) इथे दोन आकडी सालाचा प्रश्न सुटलेला दिसतो, पण तो आपण सोडवलेला नाही, एक्सेलने आपल्या रेषेप्रमाणे आधीच सोडवून टाकला आहे. तो निकाल आंधळेपणाने मान्य करायचा नाही. शिवाय या क्रमांकांमागे एक ठरलेली खूण असते. महिना आधी धरणाऱ्या संगणकावर अशी यादी उघडली, तर `04/12/64` ही तारीख म्हणून खपते आणि १२ एप्रिल होते. `26/10/44` मात्र खपत नाही, ती मजकूर म्हणूनच राहते. तेव्हा रकान्यात मजकूर राहिलेल्या बहुतेक तारखांचा पहिला तुकडा बाराच्या वर असेल, आणि क्रमांक झालेल्या एकाही तारखेचा दिवस बाराच्या वर नसेल, तर ते सगळे क्रमांक उलटे वाचले गेले आहेत असं खुशाल समजा. आठवी ओळ अशा फाइलमधली असेल तर खरी जन्मतारीख ४ डिसेंबर १९६४.

आपल्या यादीत मात्र `12/03/58` आणि `04/06/91` हे मजकूरच राहिले आहेत, म्हणजे सगळी यादी एकदम उलटी झालेली नाही. एकच ओळ कुठून तरी डकवलेली दिसते. अशा एकुलत्या एक क्रमांकाला खूण करून ठेवायची, स्वतः उलटा करायचा नाही.

आता शतक.

रेष ओढण्याऐवजी मी खिडकी ठरवतो. या रकान्यातलं सर्वात जुनं साल कोणतं असू शकतं आणि सर्वात नवं कोणतं, एवढे दोन आकडे. मग त्या खिडकीत दिलेल्या दोन आकड्यांनी संपणारी सालं किती आहेत ते पाहायचं.

```
def varshe(yy, pasun, paryant):
    return [y for y in range(pasun, paryant + 1)
            if y % 100 == yy]
```

नोंदणीचा रकाना घ्या. वाचनालय १९७४ चं, यादी २०२४ ची. खिडकी १९७४ ते २०२४. `varshe(91, 1974, 2024)` चं उत्तर `[1991]`, `varshe(5, 1974, 2024)` चं उत्तर `[2005]`. पहिल्या सहाही ओळी आणि आठवी बिनबोभाट सुटतात. सातव्या ओळीत `68` आहे, आणि तिथे उत्तर येतं `[]`. एकही साल नाही. १९६८ साली वाचनालय नव्हतं आणि २०६८ अजून आलेलं नाही.

ही रिकामी यादी फार मोलाची आहे. पन्नासेक वर्षांच्या खिडकीत शंभरपैकी ५१ शेवट बसतात आणि ४९ बसत नाहीत. त्या ४९ पैकी काही आलं तर तिथे टायपिंगची चूक आहे, हे आपल्याला फुकटात कळतं. नुसती रेष ओढली असती तर हे कळलंच नसतं, कारण रेष प्रत्येक आकड्याला कोणतं ना कोणतं शतक देतेच. पायथनने २०६८ दिलं असतं, एक्सेलने १९६८. `68` हे कदाचित ८६ किंवा ७८ असेल. ते ठरवायचं काम आपलं नाही, मूळ फॉर्म बघणाऱ्याचं आहे. आपण तारीख रिकामी ठेवून शेजारी "साल शक्य नाही" एवढं लिहायचं.

जन्मतारखेचा रकाना याच्या उलट आहे. तिथे खिडकी मोठी होते. नवं टोक २०२४. जुनं टोक किती मागे न्यायचं? काही सभासद पंचाहत्तर-ऐंशी सालच्या सुमारास आलेले आहेत आणि तेव्हाच साठीचे होते, त्यांची नावं अजून यादीत असणार, मग ते हयात असोत वा नसोत. ११० वर्षं मागे जाऊ, म्हणजे १९१४. आता ही खिडकी १११ वर्षांची झाली, शंभरापेक्षा मोठी. तेव्हा १४ ते २४ हे अकरा शेवट तिच्यात दोनदा बसतात.

```
>>> varshe(58, 1914, 2024)
[1958]
>>> varshe(9, 1914, 2024)
[2009]
>>> varshe(19, 1914, 2024)
[1919, 2019]
```

एक उत्तर आलं की काम झालं. शून्य आलं की चूक सापडली. दोन आली की इथे कोणतीही रेष उपयोगाची नाही, हे मान्य करायचं. ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खिडकी शंभर वर्षांहून मोठी असेल तर "योग्य कटऑफ कोणता" या प्रश्नाला उत्तरच नसतं. तुम्ही रेष १९ च्या अलीकडे ओढा नाहीतर पलीकडे, एका बाजूची माणसं चुकणारच.

"जन्म भविष्यात येत असेल तर शंभर वर्षं वजा करा" हा सर्रास वापरला जाणारा तोडगा इथेच घसरतो. ५८ साठी तो छान चालतो. पण १९१९ साली जन्मलेल्या आजोबांचं साल २०१९ धरलं गेलं, तर ते भविष्यात नाही, म्हणून तो तोडगा त्यांना हातच लावत नाही. आजोबा लहान मूल होऊन बालविभागात जाऊन बसतात. भविष्यात गेलेली चूक डोळ्यांत खुपते, तिचा फारसा धोका नाही. धोका आहे तो भूतकाळात नीट बसलेल्या चुकीचा.

दोन उत्तरं आली की त्याच ओळीतल्या दुसऱ्या रकान्याकडे जायचं. चौथ्या ओळीत जन्म `19`, नोंदणी १९८७. जन्माच्या आधी नोंदणी होत नाही, म्हणून २०१९ बाद. जन्म ९ मे १९१९, नोंदणीच्या वेळी वय ६७. पटण्यासारखं आहे. या एका नियमाने, म्हणजे जन्म नोंदणीच्या आधी आणि किमान वयाचं अंतर ठेवून, शंकेतल्या बहुतेक ओळी सुटतात. कारण ज्या जुन्या सभासदांमुळे खिडकी मोठी करावी लागली, त्यांच्या नोंदणीही जुन्याच असतात.

सहावी ओळ मात्र सुटत नाही. जन्म १४ फेब्रुवारी, साल `21`. नोंदणी ११ मार्च २०२३. २०२१ धरलं तर मूल दोन वर्षांचं, आणि प्रवेश पाचपासून. १९२१ धरलं तर वय १०२. नियमाने पाहिलं तर दुसरं शक्य आहे आणि पहिलं शक्य नाही. तरीही १०२ व्या वर्षी नवीन सभासद होणं आणि कुणीतरी `12` च्या जागी `21` टाइप करणं, यातलं अधिक संभवनीय काय हे मला सांगायला नको. नियमात बसतं म्हणून १९२१ लिहून टाकणं ही शुद्ध आळशीपणाची गोष्ट होईल. ही ओळ बाजूला काढायची.

इथे दोन छोट्या गमती सांगतो, क्वचित कामाला येतात. २९ फेब्रुवारीची तारीख असेल आणि साल `00` असेल, तर शतक आपोआप ठरतं. २००० हे लीप वर्ष होतं, १९०० नव्हतं. बाकी कोणत्याही सालासाठी २९ फेब्रुवारीची मदत होत नाही, कारण १९२४ आणि २०२४ दोन्ही लीप आहेत. दुसरी गंमत, नोंदीत वार लिहिलेला असेल तर तो सोन्यासारखा जपा. शंभर वर्षांच्या अंतरावर तीच तारीख त्याच वारी कधीच येत नाही. १२ मार्च १९५८ ला बुधवार होता, १२ मार्च २०५८ ला मंगळवार असेल. जुन्या रोजनिशा आणि नोंदवह्या साफ करताना मी याच्यावर बऱ्याच गाठी सोडवल्या आहेत.

कधी कधी खिडकी ठरवायला काहीच माहिती नसते. संस्था कधीची, माणसं कोण, कोणाला ठाऊक नाही, नुसता रकाना हातात. अशा वेळी ०० ते ९९ या शंभर शेवटांपैकी प्रत्येक किती वेळा येतो ते मोजा, आणि ते आकडे एका रांगेत नको, घड्याळासारख्या गोलात मांडा, म्हणजे ९९ च्या शेजारी ०० येईल. प्रौढांच्याच जन्मतारखा असतील तर गोलाचा एक भाग गच्च भरलेला दिसतो आणि एक भाग जवळजवळ ओसाड. समजा ०७ ते ३१ एवढ्यात काहीच नाही, ३२ पासून वाढत वाढत ९९ पार करून ०६ ला गर्दी संपते. मग हा रकाना १९३२ ते २००६ आहे, आणि कात्री त्या ओसाड पट्ट्यात कुठेही चालवा, निकाल एकच येतो. चांगल्या कटऑफची माझी व्याख्या ही एवढीच आहे, की तो पाच वर्षं इकडे किंवा तिकडे सरकवला तर एकही तारीख बदलू नये. सरकवून बघा. पाच वर्षांनी चाळीस माणसांची शतकं बदलली, तर तुमची कात्री गर्दीतून गेली आहे. गोलात ओसाड पट्टाच नसेल, तर वर सांगितलेली शंभरीपार गेलेली खिडकी तुमच्यासमोर आहे आणि दुसऱ्या रकान्याशिवाय गत्यंतर नाही.

खिडकीचं नवं टोक यादी काढल्याच्या तारखेला बांधायचं, आजच्या तारखेला नाही. हे बारीक वाटतं, पण यात चांगले चांगले फसतात. काही सॉफ्टवेअरची रेष स्थिर नसते, आजपासून मोजली जाते. जावातल्या `SimpleDateFormat` ची खिडकी चालू क्षणाच्या ८० वर्षं मागे ते २० वर्षं पुढे अशी असते. पायथनच्या `dateutil` ची खिडकी चालू वर्षाच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास वर्षांची असते. म्हणजे तीच फाइल, तोच प्रोग्रॅम, आज चालवला तर एक उत्तर आणि तीन वर्षांनी चालवला तर काही ओळींची उत्तरं वेगळी. हिशोब का जुळत नाही म्हणून माणूस दोन दिवस डोकं खाजवतो. `paryant` च्या जागी `2024` असा उघडा आकडा लिहिलेला मला म्हणूनच चालतो, `today()` चालत नाही.

आणि मुदत संपण्याच्या तारखेसारखा रकाना असला तर हे सगळं पुढे सरकवा. तिथे खिडकी यादीच्या काही वर्षं मागे सुरू होऊन पुष्कळ पुढे जाते. `31/12/45` तिथे २०४५ च असणार, आणि जन्माच्या रकान्यात तेच १९४५. एकाच फाइलमध्ये दोन खिडक्या असणं यात वावगं काही नाही. एकच खिडकी सगळ्या रकान्यांना लावणं हेच वावगं.

सगळं झाल्यावर निकाल तपासायला एक हुकमी साधन बहुतेक फाइलमध्ये आधीपासून असतं. आपल्या दुसऱ्या ओळीसारख्या, चार आकडी साल असलेल्या नोंदी. त्यांच्यात अंदाज काहीच नाही. त्यांच्या दशकांची मोजणी एका बाजूला ठेवा आणि आपण शतक लावलेल्या नोंदींची दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटात २०१० नंतर जन्मलेले शंभरात तीन असतील आणि दुसऱ्या गटात शंभरात चौदा, तर आजोबा बालविभागात गेले आहेत. मात्र चार आकडी नोंदी एखाद्या नव्या फॉर्ममुळे फक्त अलीकडच्या सभासदांच्याच असतील, तर ही तुलना फसवी ठरते, हेही ध्यानात ठेवा. याच वेळी एखाद्या तारखेचा ढीग दिसतो का तेही पाहून घ्यावं. `01/01/00` किंवा `01/01/70` शेकड्यांनी आली, तर ते जन्मदिवस नाहीत, "माहीत नाही" च्या जागी कोणीतरी भरलेलं काहीतरी आहे.

आपल्या आठ ओळींचा जन्मतारखेचा रकाना शेवटी असा दिसतो:

```
क्र.  मूळ           तारीख         कशावरून
१    12/03/58     1958-03-12    खिडकी
२    19.8.1971    1971-08-19    चार आकडी साल
३    ३१/१२/४९     1949-12-31    खिडकी
४    09/05/19     1919-05-09    नोंदणी १९८७
५    23-Apr-09    2009-04-23    खिडकी
६    14/02/21     -             साल संशयास्पद
७    26/10/44     1944-10-26    खिडकी
८    23479        1964-04-12    एक्सेल क्रमांक, उलटा?
```

"कशावरून" हा रकाना मी कधीच गाळत नाही. सरासरी वय काढताना सहावी ओळ सोडून देता येते आणि आठवी तशीच चालते, कारण एप्रिल की डिसेंबर याने वयात फार तर एका वर्षाचा फरक पडेल. वाढदिवसाची पत्रं पाठवायची असतील, तर आठवीही थांबवावी लागते. पहिल्या ओळीतले गृहस्थ यादी काढली त्या दिवशी ६६ वर्षांचे होते. सहाव्या ओळीसाठी आणि सातव्या ओळीतल्या नोंदणीसाठी त्या बाईंना कपाटातून दोन फॉर्म काढायला सांगायचं आहे.